गॅलरीतल्या कुंड्यांना घड्याळाचे ठिबक



शेतातले ठिबक आपल्याला नवीन नाही. द्राक्ष असो, डाळिंब असो की ऊस, लॅटरल अंथरणे, ड्रिपर बसवणे, फिल्टर धुणे ही कामे आपल्या हातातली आहेत. म्हणूनच घराच्या गॅलरीत ठेवलेल्या दहा-बारा कुंड्यांना ठिबक करायचे म्हटले, की आपण म्हणतो, "त्यात काय, शेतात केलं तसंच करायचं." मीसुद्धा एका घरी हेच सांगून बसलो आणि ते अंगाशी आले. त्या घरची हकीकतच आज सांगतो.

हे घर निफाड तालुक्यातले. खाली ओसरी, वर माडी आणि माडीला पुढे गॅलरी. आप्पांची द्राक्षबाग आहे आणि गॅलरीतल्या कुंड्या काकूंच्या. जमिनीवर सहा मोठ्या कुंड्या : कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, तुळस, गवती चहा आणि एका जास्त मोठ्या कुंडीत कागदी लिंबू. कठड्यावर लोखंडी कड्यांत अडकवलेल्या सहा दहा-इंची कुंड्या : मिरची, पुदिना, कोथिंबीर वगैरे. २०२४ च्या मे महिन्यात लेकीकडे आठ दिवस जायचे ठरले, तेव्हा कुंड्यांना पाणी कोण घालणार हा प्रश्न आला. आप्पांनी बाजारातून नळाला लावायचे घड्याळ, म्हणजे टायमर आणला. बागेतली उरलेली सोळा मिलिमीटरची लॅटरल आणि उरलेले ड्रिपर घेतले. न्हाणीघराच्या बुटक्या स्लॅबवरच्या पाचशे लिटरच्या टाकीतून पाणी घेतले, लॅटरल कठड्यावरून ओढली, तिथून प्रत्येक कुंडीत मायक्रोट्यूब सोडली. दिवसातून तीन वेळा वीस-वीस मिनिटे असे घड्याळ लावले आणि मंडळी गेली.

आठ दिवसांनी आली तर कठड्यावरची मिरची आणि पुदिना वाळून गेला होता. जमिनीवरचा मोगरा पिवळा पडला होता, उपटून पाहिला तर मुळांना कुजका वास. आणि गॅलरीतले पाणी फटीतून झिरपून खाली ओसरीत उतरले होते. तिथे भिंतीशी लावलेल्या बाजरीच्या दोन पोत्यांना खालून ओल लागून बाजरीचे गठ्ठे झाले होते. काकू मला म्हणाल्या, "साहेब, आमची झाडं वाळलीही आणि बुडालीही. एकाच पाण्यात दोन्ही कसं काय झालं?"

प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर शोधायला मी पुढचा सगळा रविवार त्या गॅलरीत बसलो.

दाब किती आहे, हे आधी पाहा

शेतात मोटर चालते, फिल्टरच्या पुढे एक किलो किंवा त्याहून जास्त दाब असतो. ड्रिपरवर चार लिटर लिहिलेले असते ते साधारण एक किलो दाब धरूनच. गॅलरीत मोटर नाही. टाकीतले पाणी जितके उंच, तितकाच दाब. दहा मीटर उंचीला एक किलो, असा साधा हिशेब आहे. आप्पांच्या टाकीतले पाणी जमिनीवरच्या कुंड्यांच्या वर अडीच मीटर होते. म्हणजे दाब पाव किलो.

आता त्यांनी बागेतून आणलेले ड्रिपर दाब सांभाळणारे होते. आत रबराची पातळ चकती असते, ती दाबानुसार वाकून पाणी सारखे ठेवते. चढउताराच्या बागेत हा ड्रिपर उत्तम. पण चकतीने नीट काम करायला तिला ठराविक दाब लागतोच, बहुधा अर्धा किलो किंवा त्याहून जास्त. पाव किलोवर ती तिचे काम करत नाही. मग एका ड्रिपरमधून भसाभस पाणी येते, दुसऱ्यातून टिपूसही येत नाही. आम्ही बारा ठिकाणी वाट्या लावून पाहिले, तर दोन वाट्या जवळजवळ कोरड्या होत्या आणि एक भरून वाहत होती.

म्हणून टाकीच्या पाण्यावर साधा, रबराची चकती नसलेला आणि उघडून धुता येणारा ड्रिपर घ्यावा. तो स्वस्तही पडतो. मात्र साध्या ड्रिपरमधून दाब कमी झाला की पाणी कमी येते, किती कमी ते ध्यानात ठेवावे. दाब चौथाई झाला तर पाणी निम्मे होते. म्हणजे चार लिटरचा ड्रिपर आप्पांच्या गॅलरीत तासाला दोन लिटर देतो. कठड्यावरची कुंडी आणखी एक मीटर वर आहे, तिथे दाब उरतो दीड मीटरचा, आणि तोच ड्रिपर तासाला साधारण दीड लिटर देतो. कठड्यावर कुंड्या लहान असल्याने हे आपल्या सोयीचेच आहे. पण मोठी कुंडी कठड्यावर असेल तर तिला दोन ड्रिपर द्यावे लागतील.

टायमर घेतानाही हाच दाब पाहायचा. बाजारात दोन तऱ्हेचे टायमर मिळतात. एकात विजेच्या झटक्याने उघडणारा पडद्याचा व्हॉल्व्ह असतो. त्याला उघडायला आणि नीट बंद व्हायलाही पाण्याचा दाब लागतो, म्हणून तो नळाच्या पाण्यावर चांगला. टाकीवर लावला तर अर्धवट उघडतो, किंवा बंद झाल्यावरही पाझरत राहतो. दुसऱ्यात छोटी मोटर फिरून गोळ्याचा व्हॉल्व्ह उघडते, आपल्या साध्या बॉल व्हॉल्व्हसारखा. त्याला दाबाची गरज नाही. खोक्यावर कमीत कमी दाब किती लागतो ते लिहिलेले असते. तिथे शून्य लिहिले असेल तोच टाकीसाठी घ्यावा. दुकानदाराला बॉल व्हॉल्व्हचा टायमर म्हणून सांगितले की तो समजतो. आप्पांचा टायमर सुदैवाने याच जातीचा निघाला.

पाणी बंद झाल्यावर पाणी कुठून आले?

ड्रिपर बदलले तरी जमिनीवरच्या कुंड्या भरून वाहणे थांबेना. घड्याळाने पाणी बंद केल्यावर पाच-सात मिनिटे खालच्या ड्रिपरमधून धार चालूच होती. आप्पांना वाटले टायमर गळतोय. टायमर चांगला होता. दोष माझ्याकडे येत होता, कारण "लॅटरल कठड्यावर बांधा, पायात येणार नाही" असे मीच सांगितले होते.

सोळा मिलिमीटरच्या लॅटरलमध्ये एका मीटरला साधारण दीडशे मिलिलिटर पाणी मावते. आप्पांची लॅटरल बारा मीटर, म्हणजे आत पावणेदोन लिटरच्या वर पाणी. व्हॉल्व्ह बंद झाला की कठड्यावरच्या ड्रिपरांतून हवा आत शिरते आणि लॅटरलमधले सगळे पाणी खालच्या कुंड्यांच्या ड्रिपरांतून बाहेर पडते. हे दर वेळी होते. दिवसातून तीन वेळा पाणी सोडले तर रोज पाच लिटरहून जास्त पाणी त्या सहा कुंड्यांत फुकट गेले. शेतात लॅटरल रिकामी झाली तर ते पाणी मातीत मुरते, आपल्याला कळतही नाही. इथे ते बाजरीच्या पोत्यांपर्यंत गेले.

उपाय अगदी सोपा निघाला. लॅटरल कठड्यावरून काढली आणि गॅलरीच्या जमिनीवर, भिंतीच्या कडेने, कुंड्यांच्या मागे अंथरली. तिथून मायक्रोट्यूब वर चढवल्या, जमिनीवरच्या कुंड्यांना हातभर आणि कठड्यावरच्या कुंड्यांना कमरेएवढ्या. आता सगळे ड्रिपर लॅटरलच्या वर आले. पाणी बंद झाले तरी लॅटरल भरलेलीच राहते. बारीक मायक्रोट्यूबमध्ये मीटरला दोन-तीन चमचे पाणी असते, ते खाली आले तरी बिघडत नाही. भरलेल्या लॅटरलचा आणखी एक फायदा म्हणजे पुढच्या वेळी सगळ्या कुंड्यांना एकदमच पाणी सुरू होते.

लॅटरल अंथरताना तिला मधेच उंचवटा येऊ देऊ नये. टाकीच्या कमी दाबाला उंचवट्यात अडकलेली हवा ढकलता येत नाही आणि पुढचे सगळे ड्रिपर कोरडे राहतात. असे झाले तर शेवटची टोपी काढून पाणी सोडावे, हवा फसफसत निघून जाते.

कुंडीतून वाहणाऱ्या पाण्याची तीन कारणे

एवढे करूनही दोन कुंड्यांखाली पाणी येतच होते, तुळशीच्या आणि जास्वंदीच्या. तेव्हा काकूंनीच पाहून सांगितले, "हे पाणी लगेच येतंय, भरल्यावर नाही." ही फार कामाची खूण आहे. कुंडीखालून पाणी केव्हा येते, त्यावरून कारण ओळखता येते.

पाणी सोडल्यावर दोन-तीन मिनिटांतच खाली आले तर माती भिजलेली नाही, पाणी बाजूने पळाले आहे. कुंडीतली माती किंवा नारळाचा भुसा एकदा पार वाळला की तो आकसतो, आणि माती व कुंडीच्या भिंतीत फट पडते. पार वाळलेला भुसा पाणी लगेच धरत नाही, बरेचसे अंगावरून ओघळू देतो. ड्रिपरचा थेंब त्या फटीतून सरळ खालच्या भोकात जातो. वरून जमीन ओली दिसते, खाली पाणी साचते आणि मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर यातच होते. बोट दोन पेरे खुपसून पाहिले तर कळते.

अशा कुंडीला ठिबकाने बरे करता येत नाही. ती उचलून घमेल्यात किंवा बादलीत पाण्यात ठेवावी, पाणी कुंडीच्या काठाखाली राहील इतके. बुडबुडे येणे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास राहू द्यावी. मग निथळून जागेवर ठेवावी, काठाची फट बोटाने माती दाबून बंद करावी, आणि ड्रिपर काठाजवळ न ठेवता खोड आणि काठ यांच्या मधोमध ठेवावा. मोठी कुंडी असेल, जशी लिंबाची, तर दोन बाजूंना दोन ड्रिपर द्यावेत, कारण हलक्या भुसभुशीत मातीत पाणी सरळ खाली जाते, आडवे फारसे पसरत नाही.

पाणी सोडण्याच्या शेवटी शेवटी थोडे पाणी खाली आले तर ते ठीक आहे. बोअरच्या खाऱ्या-जड पाण्यावर तर थोडे पाणी खाली येणे जरुरीचेच आहे, नाहीतर क्षार कुंडीतच साठतात, वर पांढरी पापडी धरते आणि पानांच्या कडा करपतात. दहा वाट्या पाणी दिले तर एखादी वाटी खाली यावी, असा अंदाज ठेवावा. त्याहून बरेच जास्त येत असेल तर वेळ कमी करावी.

आणि पाणी बंद झाल्यावरही येतच राहिले तर लॅटरल रिकामी होते आहे किंवा व्हॉल्व्ह पाझरतो आहे, हे वर सांगितलेच.

खाली आलेल्या पाण्यालाही वाट द्यावी लागते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, मुळे कुजतात आणि डास होतात. आम्ही प्रत्येक कुंडी विटेच्या दोन तुकड्यांवर उचलली, गॅलरीची फट सिमेंटने बुजवली आणि कोपऱ्यातल्या मोरीच्या पाइपाकडे उतार आहे याची तांब्याभर पाणी ओतून खात्री केली. शहरात मुलाकडे फ्लॅट असेल तर हे आधी करावे. तिथे खाली पोती नसतात, पण दुसऱ्याची गॅलरी आणि वाळत घातलेले कपडे असतात.

किती मिनिटे लावायची?

कुंडीला पाणी किती लागते हे झाड, ऊन, वारा आणि कुंडी यांवर आहे. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, तिला प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा जास्त लागते. तरी सुरुवात करायला आकडा हवा, म्हणून सांगतो : बारा इंची कुंडीत चांगले वाढलेले झाड मे महिन्याच्या उन्हात दिवसाला लिटरभर पाणी पिते. डिसेंबरात निम्मे पुरते.

ड्रिपर प्रत्यक्षात किती देतो ते मोजायला लहान मुलाची दुधाची बाटली चांगली, तिच्यावर आकडे असतात. ड्रिपर बाटलीत सोडून सहा मिनिटे पाणी घ्यावे. आलेल्या पाण्याची दहापट म्हणजे तासाचे पाणी. आप्पांच्या खालच्या ड्रिपरने सहा मिनिटांत दोनशे मिलिलिटर दिले, म्हणजे तासाला दोन लिटर. हिशेब आणि बाटली जुळली. म्हणजे लिटरभर पाण्याला अर्धा तास हवा.

हा अर्धा तास एका दमात देऊ नये. कुंडीतली माती थोडी असते, एकदम दिलेले पाणी खाली निघून जाते. आम्ही दहा-दहा मिनिटांच्या तीन पाळ्या केल्या : पहाटे सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच. कठड्यावरच्या कुंड्यांना त्यात दिवसाचे पाऊण लिटर मिळते, ते वाऱ्यातल्या दहा-इंची कुंडीला उन्हाळ्यात पुरते. काहीजण दोन-दोन मिनिटांच्या दहा पाळ्या लावतात. जड पाण्यावर मी ते सुचवत नाही. प्रत्येक पाळीनंतर ड्रिपरच्या तोंडावरचा थेंब वाळतो आणि चुन्याचा एक थर ठेवून जातो. पाळ्या जितक्या जास्त, तितके थर जास्त.

थंडीत पाळी पाच मिनिटांची करावी. पावसाळ्यात कुंड्यांवर पाऊस पडत असेल तर घड्याळ बंदच ठेवावे. घड्याळाला आभाळ दिसत नाही.

ड्रिपर तुंबतो तेव्हा

ऑगस्टात आप्पांचा निरोप आला की कढीपत्ता मलूल झालाय. बाटली लावली तर दोनशेच्या जागी नव्वद मिलिलिटर. घड्याळ वेळेवर चालू-बंद होत होते, खटक्याचा आवाज येत होता, म्हणून घरात कोणाला शंका आली नाही. घड्याळ व्हॉल्व्ह उघडते, पाणी पोचले की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा दोन-तीन ड्रिपर बाटलीने मोजावेत. दोनशेचे दीडशे झाले की धुवायची वेळ आली, झाड मलूल होईपर्यंत थांबू नये.

ड्रिपर उघडल्यावर आत काय दिसते ते पाहा. आम्हाला दोन गोष्टी दिसल्या. काही ड्रिपरांत पांढरा खरखरीत थर होता. हा बोअरच्या पाण्यातला चुना. लॅटरल उन्हात तापली की चुना पाण्यातून सुटून लवकर बसतो. ओळखायचे असेल तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर चुनाच. असे ड्रिपर काढून व्हिनेगरमध्ये, किंवा लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून त्यात रात्रभर बुडवावेत. सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने धुऊन साध्या पाण्याने खळबळून बसवावेत. सुईने भोक कोरू नये. भोक मोठे होते आणि तो ड्रिपर पुढे कायम जास्त पाणी देतो.

बागेत आपण लॅटरलमधून आम्ल सोडतो तसे इथे करू नये. कुंडीत मूठभर माती, ते आम्ल सरळ मुळांवर येईल. ड्रिपर बारा-तेराच आहेत, काढून धुणे दहा मिनिटांचे काम.

बाकीच्या ड्रिपरांत हिरवट-काळा बुळबुळीत चिखल होता. हे शेवाळ. काळ्या लॅटरलमध्ये उजेड जात नाही, मग शेवाळ आले कुठून? मायक्रोट्यूब आप्पांनी पारदर्शक आणल्या होत्या, दिसायला छान म्हणून. शिवाय टाकीचे झाकण फुटके होते. उजेड मिळाला की शेवाळ वाढणारच. ट्यूब काळ्या आणल्या, झाकण बदलले, टाकी घासली. शेवाळाचे ड्रिपर ब्लीचिंग पावडरच्या निवळलेल्या पाण्यात तासभर ठेवून धुतले. इथे एक सक्त सूचना : ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. आज एक धुणे, चांगले खळबळून मग दुसऱ्या दिवशी दुसरे. दोन्हीही मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

कोणाच्या बोअरच्या पाण्यात लोह असते. बादलीत ठेवलेले पाणी रात्रीत तांबूस होत असेल तर तळाला गाळ बसू द्यावा आणि टाकीचा तोंडा तळापासून चार बोटे वर घ्यावा.

टायमरच्या आधी छोटी जाळीची गाळणी बसवावी, एकशेवीस मेशची, जी आपण शेतात वापरतो तीच. टायमरच्या नंतर नव्हे, कारण वाळूचा कण गोळ्याच्या व्हॉल्व्हमध्ये अडकला की तो पुरता बंद होत नाही. गाळणी चुना अडवत नाही, तो पाण्यात विरघळलेला असतो. ती अडवते वाळू, शेवाळाचे तुकडे आणि टाकीतला कचरा. पंधरा दिवसांनी गाळणी धुवावी, त्याच वेळी लॅटरलची शेवटची टोपी काढून मिनिटभर पाणी सोडावे. पहिल्या खेपेला आप्पांच्या लॅटरलमधून चहासारखे पाणी आले.

या नळीतून खत सोडायचा मोह टाळावा. जीवामृत, शेणस्लरी, डीएपीचे पाणी, काहीही नाही. कमी दाबाला ते गाळ ढकलणे जमत नाही. कुंडीला खत हातानेच द्यावे.

गावाला जाण्यापूर्वी

आपण घरी असलो तर काही बिघडले तरी दिसते. खरी परीक्षा कुलूप लावल्यावर. टायमरचे सेल उतरले आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला तर काय होईल, याचा हिशेब आधीच करावा. आप्पांचे तेरा ड्रिपर मिळून तासाला साधारण तेवीस लिटर देतात. पाचशे लिटरची भरलेली टाकी एका दिवसात गॅलरीत रिकामी होईल. मोटर आपोआप चालू होऊन टाकी भरत असेल तर विचारूच नका.

म्हणून दुसऱ्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, आम्ही टाकीला जोडलेली नळी काढली आणि त्याच स्लॅबवर दोनशे लिटरचा झाकणाचा निळा ड्रम ठेवून त्याला जोडली. अर्ध्या तासाला साडेअकरा लिटर, आठ दिवसांचे ब्याण्णव लिटर. ड्रम उतरत गेला की दाब आणि पाणी थोडे कमी होते, पण दोनशेत ते निभावते. व्हॉल्व्ह उघडा राहिलाच तर फार तर दोनशे लिटर वाहील, पुढे नाही. ड्रम धुऊन घेतलेला असावा, औषधाचा नसावा.

जाण्याच्या आदल्या दिवशी नाही, तर आठ दिवस आधी सगळे सुरू करावे. नवे सेल घालावेत. पहिल्या दिवशी तिन्ही पाळ्या स्वतः उभे राहून पाहाव्यात : पाणी केव्हा सुरू झाले, खाली केव्हा आले, बंद झाल्यावर थांबले का. मग बोट घालून माती पाहावी आणि मिनिटे कमी-जास्त करावीत. काकूंनी त्या आठवड्यात कोथिंबिरीचा ड्रिपर काढूनच टाकला. "ती वाफ्यात बरी येते," म्हणाल्या, आणि त्या जागी दुसरी मिरची लावली.

त्या खेपेला मंडळी आठ दिवसांनी परतली तेव्हा ड्रममध्ये निम्म्याहून थोडे जास्त पाणी शिल्लक होते. मोगरा नवा लावलेला, तो फुलावर होता. एका जास्वंदीचा ड्रिपर मात्र मुंग्यांनी माती भरून बंद केला होता आणि तिची पाने गळाली होती. तेव्हापासून आप्पा ड्रिपर मातीवर टेकवत नाहीत, बांबूच्या काडीला बांधून दोन बोटे वर ठेवतात.